पाच आकड्यांची सरासरी आणि बॉयलर ‘फिट’

“रिपोर्टात जाडीचे पाच आकडे असतात, त्यांची सरासरी चांगली आली की बॉयलर फिट. एखादा आकडा कमी आला तर मशीनचा दोष समजावा. अन् पाण्याचा दाब टिकला तर जाडी पाहायची गरजच नाही.”

हा मेसेज माझ्या मामेभावाने पाठवला. गोंदियाकडच्या एका उसना राईस मिलमध्ये तो बॉयलर चालवतो. खाली लिहिलं होतं, “भाऊ, मंग आपला पास झाला ना?”

नाही झाला. रिपोर्टाचा फोटो मागवला. बॉयलरच्या शेलची, म्हणजे गोल पिंपाची, प्लेट मूळ 10 मिमीची. आकडे 9.4, 9.3, 9.5, 9.2 आणि तळाचं गाळपाणी सोडायच्या ब्लोडाऊन नळीच्या तोंडाशी 6.8. सरासरी 8.84 येते, पण ती घेऊन करायचं काय? वाफ सरासरीला ढकलत नाही, जिथं प्लेट पातळ तिथंच फाडते. भारतीय बॉयलर नियमावलीच्या सूत्रात दाब, व्यास आणि पोलादाची ताकद टाकून निघालेल्या जाडीत गंजासाठी 0.75 मिमी वेगळे धरतात. या शेलचा व्यास 1500 मिमी, दाब चौरस सेंटीमीटरला 10.5 किलो, पोलादाचा परवानगीचा ताण चौरस मिमीला 138 न्यूटन आणि सांध्याची कार्यक्षमता 0.85 धरली तर किमान 7.4 मिमी लागते. 6.8 तिच्या खाली आहे. तेच सूत्र उलटं फिरवलं तर तिथं साडेनऊ किलोच्या आसपासचाच दाब बसतो.

त्याहून वाईट म्हणजे मागच्या वर्षीच्या रिपोर्टात त्याच जागी 7.9 होते. एका वर्षात 1.1 मिमी गेली, बाकीची प्लेट मात्र जवळपास तशीच आहे. गाळ खाली बसतो, त्याखाली गंज खड्डे पाडत पोलाद खातो. म्हणून जुना रिपोर्ट शेजारी ठेवल्याशिवाय नवा वाचूच नये.

मशीनचा दोष? बरं, असतो कधीकधी. पण तो बहुधा उलटा निघतो. मीटर आवाजाच्या लहरी सोडून जाडी मोजतो; रंगावरून मोजलं तर तो जाडी जास्त दाखवतो, कारण रंगात आवाज पोलादापेक्षा खूप हळू जातो. शंका असेल तर रंग खरवडून, मीटर प्रमाण ठोकळ्यावर तपासून, आजूबाजूला जवळजवळ बिंदू घ्यायचे.

पाण्याच्या दाबाच्या चाचणीचं दोन ओळींत सांगतो. 6.8 ची प्लेट दीडपट दाबही थंड पाण्यात बिनबोभाट झेलते. ती चाचणी आज गळतं का एवढंच दाखवते, पुढच्या मोसमात किती उरेल ते नाही.

मामेभावाने दुसऱ्या दिवशी रंग काढून मोजायला लावलं. चार बिंदू आले: 6.7, 6.9, 6.6, 7.0. मालक म्हणाला, वेल्डिंग मारून टाकू. मी त्याला फोनवरच सांगितलं, बॉयलर निरीक्षकाच्या परवानगीशिवाय त्या प्लेटला हात लावू नका, तोवर चूल बंद.