डबल डायगोनल आणि आयर्न कॉन्डोर: क्लासबद्दलच्या रिव्ह्यूला उत्तर

★★ "क्लासमध्ये रेंजबाउंड मार्केटसाठी डबल डायगोनल शिकवलं. मार्केट महिनाभर रेंजमध्येच बसलं, तरी माझा लॉस. मित्राने साधा आयर्न कॉन्डोर लावला, त्याला पूर्ण प्रीमियम मिळाला. मग हे कॉन्डोरचंच महागडं रूप शिकवून काय उपयोग?"

नमस्कार, स्पष्ट लिहिलंत त्याबद्दल आभार. तुमच्यासारखा अनुभव बऱ्याच जणांना येतो म्हणून जरा सविस्तर लिहितो, इतरांनाही वाचता येईल.

पहिली गोष्ट, हे कॉन्डोरचं रूप नाहीये. दिसायला सारखं आहे, दोन्हीकडे एक विकलेला आणि त्याच्या बाहेर एक घेतलेला ऑप्शन, पण कॉन्डोरमध्ये चारही लेग एकाच एक्सपायरीचे असतात आणि डबल डायगोनलमध्ये बाहेरचे दोन लांबच्या एक्सपायरीचे. सगळा फरक तिथून सुरू होतो कारण लांबच्या ऑप्शनचा वेगा जास्त असतो, म्हणजे आयव्ही, बाजाराने ऑप्शनच्या किमतीत धरलेला पुढच्या चढउताराचा अंदाज, एक टक्का हलली की त्याची किंमत जास्त हलते.

आकड्यात बघूया. समजा भाव 1000, आयव्ही सगळीकडे 20%, व्याज शून्य. 30 दिवसांचा 1050 कॉल आणि 950 पुट विकले, मिळून साधारण 12.1 पॉइंट आले. 60 दिवसांचा 1080 कॉल आणि 920 पुट घेतले, 13.9 गेले. म्हणजे खिशातून 1.8 गेले. हेच बाहेरचे लेग 30 दिवसांचे घेतले तर तो कॉन्डोर, त्यात उलट 7.9 खिशात येतात. आता वेगा बघा: कॉन्डोरचा साधारण उणे 0.7, डायगोनलचा अधिक 0.4. म्हणजे आयव्ही पडली की कॉन्डोरला फायदा, डायगोनलला तोटा. व्ह्यू दोघांचा "भाव रेंजमध्ये राहील" हाच, पण आयव्हीवरची बाजू विरुद्ध आहे, आणि हे लक्षात न घेता दोघांची तुलना केली की गडबड होते.

आता जवळच्या एक्सपायरीला भाव बरोबर 1000 वरच आहे असं धरा. विकलेले दोन्ही शून्य झाले, मस्त. कॉन्डोरवाल्याचे 7.9 पक्के. तुमच्या हातात मात्र 30 दिवस शिल्लक असलेले दोन ऑप्शन आहेत आणि तुमचा नफा-तोटा आता फक्त त्यांच्या किमतीवर आहे. आयव्ही अजून 20% असेल तर ते 4.3 ला विकले जातात, 2.5 चा फायदा. आयव्ही 15% वर आली असेल तर त्यांचे जेमतेम 1.1 येतात, म्हणजे भाव जागचा हलला नाही तरी 0.7 चा लॉस! तुमच्या बाबतीत हेच झालं असण्याची शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते, शांत मार्केटमध्ये आयव्ही हळूहळू उतरतेच ना.

आणि हा धोका दिवसांबरोबर वाढतो, हे फार कमी लोक बघतात. एंट्रीला वेगा 0.4 होता, 20 दिवसांनी भाव तिथेच असेल तर तो साधारण 0.85 होतो, कारण विकलेल्या ऑप्शनचा वेगा झपाट्याने मरतो आणि लांबच्यांचा तेवढा मरत नाही. एंट्रीच्या दिवशी स्क्रीनवर छोटा आकडा बघून निश्चिंत झालात तर शेवटच्या दहा दिवसात फसता.

मग उपयोग कधी? लांबच्या एक्सपायरीची आयव्ही तिच्या स्वतःच्या मागच्या वर्षभराच्या मानाने खालच्या बाजूला असेल तेव्हा. तेव्हा कॉन्डोरला प्रीमियम तुटपुंजं मिळतं आणि आयव्ही उसळली की मधल्या काळात एमटीएम, म्हणजे चालू भावाने मोजलेला नफा-तोटा, लाल होतो, डायगोनलला तीच उसळी मदत करते. वरच्या उदाहरणात आयव्ही 20% च राहून भाव 1050 ला जाऊन थांबला तर डायगोनलमध्ये साधारण 10.6 मिळतात, कॉन्डोरमध्ये 7.9 च. म्हणजे मधोमध कॉन्डोर सरस आणि विकलेल्या स्ट्राइकजवळ डायगोनल. पण रेंज सोडून भाव लांब गेला तर डायगोनलचा लॉस जास्त: 30 पॉइंटचं अंतर अधिक भरलेले 1.8, त्यातून लांबच्या ऑप्शनमध्ये उरलेली टाइम व्हॅल्यू वजा. कॉन्डोरमध्ये तो 22.1 ला थांबतो. त्यामुळे आयव्ही आधीच चढलेली आणि उतरायची शक्यता असेल तर तुमच्या मित्राचा कॉन्डोरच बरोबर, हे मी क्लासमध्येही सांगतो.

अजून एक, स्क्रीनवरचा नेट वेगा दोन्ही एक्सपायरीची आयव्ही सारखीच हलेल असं धरून बेरीज करतो. प्रत्यक्षात जवळची जास्त हलते, लांबची कमी, त्यामुळे दोन्हीचा वेगा वेगवेगळा लिहून ठेवत चला.

तुमच्या ट्रेडची एंट्री तारीख, चारही स्ट्राइक आणि त्या दिवशीची लांबच्या एक्सपायरीची आयव्ही क्लासच्या मेलवर पाठवा, किती लॉस आयव्हीमुळे आणि किती भावामुळे झाला ते लेगनुसार काढून देतो.