२०२ चे छत आणि १,८०० रुपयांचे बिल

प्रति,
मा. सचिव महोदय,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित,
विश्रामबाग, सांगली.

विषय : ३०२ मधील फुटक्या पाइपाचे पाणी २०२ च्या छतात मुरत असल्याबाबत, आणि त्यापोटी मलाच आलेल्या बिलाबाबत.

महोदय,

काल सायंकाळी वॉचमनने या महिन्याचे मेंटेनन्सचे बिल आणून दिले. नेहमीच्या रकमेखाली निळ्या शाईने एक ओळ वाढवलेली होती : ‘किरकोळ दुरुस्ती, २०२, रु. १,८००’. मी चष्मा पुसून ती ओळ पुन्हा वाचली. पाइप ३०२ चा, पाणी ३०२ चे, माणूस आपण पाठवलेला, आणि पैसे माझे, असा तिचा अर्थ माझ्या ध्यानात आला तेव्हा हिने माझ्या हातातून चहाचा कप काढून घेतला, हे बरे झाले.

आपल्या शब्दकोशातील या ‘दुरुस्ती’चे वर्णन मला करू द्यावे. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आपण पाठवलेले गृहस्थ एका हातात थापी आणि दुसऱ्या हातात पांढऱ्या सिमेंटची पिशवी घेऊन आले. वर ३०२ मध्ये जाण्याची त्यांना गरज वाटली नाही. आमच्या बाथरूमच्या छताचा जो कोपरा ठिबकत होता तो त्यांनी फडक्याने टिपला, त्यावर सिमेंट थापले, अंगठ्याने चार ठिकाणी दाबले आणि ‘आता बघा काका, थेंब येणार नाही’ असे सांगून वीस मिनिटांत निघून गेले. त्यांचे म्हणणे खरे ठरले. त्या कोपऱ्यातून त्यानंतर थेंब आला नाही.

तो शेजारच्या खोलीत आला. पाणी वरून येत असताना खालून बूच मारले तर ते माघारी फिरून पाइपात जात नाही. ते आडवे पसरते, स्लॅबमधील सळई किंवा वायरिंगची नळी सापडली की तिच्या आधाराने पुढे सरकते आणि जिथे फट मिळेल तिथे बाहेर पडते. आमच्याकडे त्याला झोपण्याच्या खोलीतील पंख्याचा पॉइंट सापडला. चौथ्या दिवशी पहाटे ईएलसीबी पडला, तो वर करताच पुन्हा पडला. इलेक्ट्रिशियनने पंख्याच्या दांडीवरची वाटी खाली सरकवली तेव्हा तिच्यातून अर्धा पेला तांबूस पाणी त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळले. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर मी विसरणार नाही. बाथरूममध्ये पाणी गळत होते तोपर्यंत निदान ते बाथरूममध्ये होते, महोदय. आपल्या १,८०० रुपयांच्या दुरुस्तीने ते विजेच्या तारेपर्यंत नेऊन पोहोचवले.

या बिलासोबत ग्रुपवरील आपला तो संदेशही मला परत करावयाचा आहे, ज्यात आपण ‘हा दोन सभासदांमधील आपसांतला विषय आहे’ असे लिहून खाली हात जोडल्याचे चित्र टाकले होते. जूनमधील माझ्या पहिल्या अर्जावर आपण ‘नोंद घेतली’ असा शेरा मारला होता. ऑगस्टमधील दुसऱ्यावर ‘पावसाळा संपल्यावर पाहू’ असा मारला. पावसाचा आणि या पाण्याचा संबंध असता तर कडक उन्हाच्या ऑक्टोबरात ते आटले असते, परंतु ते मुद्दे आपण वाचलेच नसावेत. त्याच काळात मुख्य गेटला दोनदा रंग लागला. दुसऱ्यांदा का लागला, तर पहिला रंग अध्यक्षांना आवडला नव्हता.

मी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून एकतीस वर्षे काढली आहेत. पोटचारी फुटली आणि शेजारच्याच्या उसात पाणी गेले की चूक कोणाची, हे मी आयुष्यभर बांधावर उभे राहून ठरवत आलो. म्हणून आपण जे पाहणे टाळले ते मी स्वतःच पाहिले, आणि त्याची हकीगत आपल्यापुढे लेखी ठेवतो.

छतातून येणारे पाणी नहाणीच्या जाळीचे किंवा सांडपाण्याच्या पाइपाचे असेल तर वरच्यांनी पाणी वापरले की ते वाढते आणि वापर थांबला की कमी होते. पिण्याच्या किंवा गिझरच्या लाइनचे असेल तर त्या पाइपात गच्चीवरच्या टाकीचा दाब चोवीस तास असतो, त्यामुळे कोणी नळ उघडो वा न उघडो, ते गळतच राहते. गणपतीत ३०२ चे कुटुंब चार दिवस गावी गेले होते. त्या चार दिवसांतही आमच्याकडे दर दोन सेकंदांना एक थेंब पडत होता. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलीटर धरला तर हे दिवसाला दोन लिटरच्या वर जाते; खाली ठेवलेले एक लिटरचे पातेले अकरा तासांत भरत होते, म्हणजे हिशेब जुळतो. हे मोजण्यासाठी मी रात्री अडीच वाजता स्टुलावर उभा राहून, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात घड्याळ धरून थेंब मोजत होतो. हिने अंथरुणातूनच विचारले की नोकरीत असताना एवढ्या निष्ठेने मोजमापे केली असती तर एखादी बढती मिळाली नसती का. या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही.

त्यानंतर ३०२ च्या गृहस्थांना विनंती करून गच्चीवरील त्यांच्या लाइनचा व्हॉल्व्ह रात्री दहाला बंद केला. पाणी लगेच थांबले नाही आणि थांबणारही नव्हते, कारण बाथरूमखालचा स्लॅब फूटभर खाली घेतलेला असतो आणि त्या खड्ड्यात भरलेले विटांचे तुकडे पाणी स्पंजासारखे धरून ठेवतात. सकाळी सहाला थेंब नऊ सेकंदांवर गेला आणि संध्याकाळी जवळपास थांबला. व्हॉल्व्ह उघडल्यावर चार तासांत तो पूर्ववत झाला. पुढच्या रविवारी गच्चीचा व्हॉल्व्ह चालू ठेवून फक्त गिझरला जाणारा कॉक बंद केला, तरीही थेंब तसाच मंदावला. याचा अर्थ गार पाण्याची लाइन शाबूत आहे आणि गिझरपासून मिक्सरपर्यंत फरशीखालून नेलेला जुना जीआय पाइप कुजलेला आहे.

३०२ चे गृहस्थ सज्जन आहेत आणि दर वेळी ‘पण काका, आमच्याकडे तर सगळे कोरडे आहे’ असे म्हणतात. ते खोटे बोलत नाहीत. फरशीखाली पाइप फुटला की वरचे घर कोरडेच राहते. पाण्याला वर जाण्याचे कारणच नसते. आपण मात्र हेच वाक्य पुरावा म्हणून मासिक सभेत वाचून दाखवलेत, आणि वर ‘२०२ मध्ये वाफ फार धरते, खिडकी उघडी ठेवावी’ असा सल्ला दिलात. महोदय, वाफेचे पाणी तांबूस नसते. आमच्या छतावरून तळहाताएवढा गिलावा पडला आहे आणि आत सळई करंगळीएवढ्या लांबीवर उघडी दिसते, खारकेच्या रंगाची. गंजले की लोखंड फुगते आणि आपल्याभोवतालचे काँक्रीट फोडून बाहेर ढकलते. छताच्या कडेने पांढरे क्षार धरले आहेत ते वेगळेच. हा स्लॅब माझा एकट्याचा नाही; माझे छत आणि ३०२ ची जमीन एकच आहे, आणि ते ज्या इमारतीला धरून आहे तिचे आपण सचिव आहात.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. २०१९ च्या पुरात गावभागातील आमच्या तळमजल्याच्या घरात छातीएवढे पाणी होते. आयर्विन पुलाजवळ ४० फूट झाले की इशारा आणि ४५ झाले की धोका, हे आकडे आम्हाला पाढ्यांसारखे पाठ आहेत. पुन्हा पाण्याचे तोंड पाहायचे नाही म्हणून ते घर विकून मी विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर आलो. कृष्णामाई निदान खालून येते, आधी इशारा देते आणि आठवड्याभरात ओसरते. ३०२ च्या पाण्याला यातले काहीच जमत नाही, आणि त्याची नोटीस लावण्याचे काम ज्यांचे आहे ते गेटच्या रंगात गुंतलेले आहेत.

संस्थेने एक रुपयाही खर्च करावा असे माझे म्हणणे नाही. बाहेरील सामाईक लाइन, गच्ची आणि पावसाची गळती संस्थेकडे. बाथरूमच्या आतील गळती ज्या त्या सभासदाकडे, असेच आपल्या उपविधींत आहे आणि ते मला मान्य आहे. परंतु आगाऊ कळवून सदनिकेत जाऊन पाहणी करणे आणि सभासदाला लेखी कळवणे हे त्याच उपविधींप्रमाणे समितीचे काम आहे, आणि ते पाच महिन्यांत एकदाही झालेले नाही.

तरी येत्या रविवारी सकाळी आपण स्वतः, प्लंबरसह, ३०२ मध्ये यावे. तोवर गिझरचा कॉक बंद ठेवण्यास त्यांना सांगावे. बादलीत पाणी तापवून आंघोळ करणे त्यांना चार दिवस जमेल, आम्ही पाच महिने ठिबकत्या छताखाली काढले आहेत आणि आपल्या दुरुस्तीपासून अंधारात पंख्याविना झोपतो आहोत. फरशी फोडण्याचीही गरज नाही. जुनी लाइन दोन्ही टोकांना बंद करून टाकावी आणि गिझरपासून मिक्सरपर्यंत भिंतीवरून सीपीव्हीसीची नवी ओढावी. हे एका दिवसाचे काम आहे. त्यानंतर खालचा स्लॅब वाळायला काही आठवडे लागतील. तो वाळून सळईचा गंज घासून काढेपर्यंत कोणालाही पांढरे सिमेंट घेऊन माझ्या घरी पाठवू नये. आणि १,८०० रुपयांची ती ओळ खोडून बिल नव्याने द्यावे. तसे न झाल्यास हेच पत्र, थेंबांच्या नोंदींच्या वहीसह, उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे जाईल. वहीत एकोणचाळीस पाने भरली आहेत.

आपला,
सदनिका २०२ चा सभासद

ता. क. : हे पत्र लिहायला बसलो तेव्हा पातेले रिकामे केले होते. आता तळाचे नक्षीकाम बुडाले आहे. नोंद घ्यावी.