एरिया मारलेला नाही, पाणी एकाच टोकाने शिरतंय

★★☆☆☆ "डाइंगच्या गरम सांडपाण्यावर ताजं पाणी तापवायला यांच्याकडून पाइप-इन-पाइप हीट एक्स्चेंजर घेतला. ५८ अंशांचा शब्द दिला होता. पहिल्या दिवसापासून ५४ च्या वर जात नाही, आणि सांडपाणी ५८ ला बाहेर पडतंय. दुसरा सप्लायर म्हणतो ६ चौरस मीटर लागतात, यांनी ४ मध्ये भागवलं. एरिया मारून माल दिला."

मालकांचं उत्तर:

नमस्कार साहेब. तुम्ही दोन्ही बाजूंची तापमानं लिहिलीत ते फार बरं केलंत, निम्मं निदान त्यातच झालं. तुमचं सांडपाणी ताशी २४०० लिटर, ८० वरून ५८ वर येतंय. ताजं पाणी ताशी २००० लिटर, २८ वरून ५४ ला जातंय. एकाने सोडलेली उष्णता आणि दुसऱ्याने घेतलेली जवळजवळ जुळते, म्हणजे थर्मामीटर आणि पंप दोन्ही ठीक आहेत.

आता एरियाचा, म्हणजे नळीच्या ज्या पृष्ठभागातून उष्णता पार होते त्याचा, हिशोब उघडाच मांडतो. ताजं पाणी ३० अंशांनी तापवायला साधारण ७० किलोवॅट लागतात, तेवढ्यात सांडपाणी २५ अंश उतरून ५५ ला येतं. आमच्या ड्रॉइंगमध्ये दोन्ही पाणी समोरासमोरून येतात. त्यामुळे एका टोकाला ८० समोर ५८, फरक २२. दुसऱ्या टोकाला ५५ समोर २८, फरक २७. या दोन फरकांची लॉग सरासरी, म्हणजे LMTD, काढली आणि त्यावरून एरिया A काढला की

```
LMTD = (२७ − २२) / ln(२७ / २२) = २४.४
A = ७०००० / (८०० × २४.४) = ३.६
```

८०० वॅट हा दर चौरस मीटरला, दर अंशाला धरलेला आकडा आहे आणि नळीवर बसणाऱ्या थराची सूट त्यातच आहे. ३.६ चौरस मीटर आले, आम्ही ४ दिले.

फिटिंग झाल्यावर तुम्ही पाठवलेला फोटो मी काल मोठा करून पाहिला. सांडपाण्याची आत येणारी लाइन आणि ताज्या पाण्याची आत येणारी लाइन एकाच टोकाला जोडली आहे. म्हणजे दोन्ही पाणी एकाच दिशेने पळतंय. त्या टोकाला फरक ५२ अंशांचा, म्हणून सुरुवातीला उष्णता धो-धो जाते. पण पुढे दोघं एकमेकांजवळ येतात आणि शेवटी फरक उरतो फक्त ४. याची लॉग सरासरी १९ च्या आसपास येते, आणि त्याच ४ चौरस मीटरमधून मग साधारण ६१ किलोवॅटच निघतात. तुमचे ५४ अंश तिथूनच आलेत.

या जोडणीत ५८ मिळवायचे ठरवलं तर शेवटच्या टोकाला सांडपाणी ५५ आणि ताजं पाणी ५८ हवं. फरक उणे ३. उणे आकड्याचा लॉग निघत नाही, कारण थंड पाणी शेजारच्या गरम पाण्याच्या पुढे जाऊच शकत नाही. दोन्ही पाणी एका टाकीत ओतलं तर जे तापमान येईल, सुमारे ५६.४, ती इथली शेवटची हद्द. त्या सप्लायरचे ६ चौरस मीटर याच जोडणीत बसवलेत तर ५५.७ पर्यंत जाल. नळी पार रस्त्यापर्यंत नेलीत तरी ५८ येणार नाहीत.

नळीत थर बसला किंवा कापसाची तूस अडकली तरी ५८ आणि ५४ हेच आकडे दिसू शकतात, म्हणून नुसत्या आकड्यांवर मी बोललो नसतो. पण तुमचा त्रास नव्या कोऱ्या नळीत पहिल्या दिवसापासूनचा आहे. खात्री तुम्हीही करू शकता: मशीन चालू असताना दोन्ही टोकांच्या पाइपांना थर्मामीटर लावून बघा, सांडपाण्याच्या पाइपला हात मात्र लावू नका. एका टोकाला कढत आणि थंडगार शेजारी-शेजारी, दुसऱ्या टोकाला दोन्ही सारखेच कोमट-गरम, असं दिसलं की जोडणी एकाच दिशेची. नुसता थर असता तर ८० च्या शेजारी ५४ दिसले असते.

चूक आमचीही आहे. ड्रॉइंगवर बाण होते, पण यंत्रावर रंगवलेले नव्हते आणि चारही फ्लँज एकाच मापाचे. प्लंबरने जवळची लाइन जवळच्या तोंडाला जोडली, त्याला काय दोष द्यायचा. आता प्रत्येक युनिटवर बाण रंगवूनच माल बाहेर जातो.

फक्त ताज्या पाण्याच्या दोन लाइनींची अदलाबदल करायची आहे. सांडपाण्याच्या बाजूला गाळणी बसवलेली आहे, ती हलवू नका. बुधवारी आमचा फिटर येईल, पाइप आणि मजुरी आमची. सध्या नळी स्वच्छ असल्याने ५९ च्या आसपास मिळायला हवेत. पुढे ५८ च्या खाली घसरायला लागलं की नळी धुवायची वेळ झाली असं समजा. जोडणी बदलूनही ५८ आले नाहीत तर युनिट परत नेतो, पैसे परत देतो.