चार संदेशांची जुनी ओळख

आपल्या माटुंग्याच्या कॉलेजातील 2008 च्या बॅचचे एक सिनिअर, ज्यांच्याशी लिंक्डइनवर आपले जेमतेम चार संदेश झाले आहेत (आणि त्यांतला एक नुसता ‘धन्यवाद सर’ होता), सोमवारी सकाळी बीकेसीतील एका मॅनेजर बाईंना आपल्याला सीसीत ठेवून ईमेल करतात: ‘हा आमच्या कॉलेजचा. मी याच्यासोबत काम केलेले नाही, पण याचा प्रोजेक्ट तुमच्याकडच्या जागेशी जुळतो. पुढचे तुम्ही दोघे बोला.’

या ईमेलला त्याच दिवशी उत्तर देण्याचा मोह आपण कटाक्षाने टाळावा, नाहीतर आपण रिकामे आहोत असे वाटायचे. गुरुवारपर्यंत थांबले की बाईंना आपले नाव आठवेनासे होते आणि आपली ओळख नव्याने, तीन परिच्छेदांत, करून देता येते.

उत्तर देताना सिनिअरांना बीसीसीत हलवून, आभार मानून मोकळे करण्याची रीत आहे. ती पाळू नये. भेटीसाठी दोन-तीन नेमक्या वेळा सुचवल्या तर प्रकरण एका ईमेलात मिटते, म्हणून ‘आपल्याला जमेल तेव्हा’ एवढेच लिहावे. मग मंगळवार की बुधवार, सकाळी की जेवणानंतर, हा सगळा पत्रव्यवहार सिनिअरांना दादरला गाडी बदलता बदलता वाचायला मिळतो.

सर्वांत महत्त्वाचे वाक्य मात्र विसरू नये: ‘सर मला अनेक वर्षांपासून चांगले ओळखतात.’ सिनिअरांनी ‘काम केलेले नाही’ हे मुद्दाम लिहिले होते, कारण शब्द त्यांचा होता आणि जेवढे ठाऊक तेवढेच ते सांगत होते. पण आपण त्यांच्या नम्रतेला आळा घातलाच पाहिजे. बाई साहजिकच त्यांना फोन करतात. ‘ओळख कशी?’ ‘चार संदेशांची.’ आपल्या अनुभवातील कमतरता बाईंनी कदाचित चालवून घेतली असती. आता त्यांच्यापुढे दोन ईमेल आहेत आणि दोन्ही खरे असू शकत नाहीत.

त्यानंतर शांतता पसरते. आठवडाभर थांबून, त्याच ईमेलसाखळीत, बाईंनाच दोन ओळींची आठवण करावी आणि जोडीला प्रोजेक्टचा एखादा नवा तपशील द्यावा, असे काही भित्रे लोक करतात. आपण तिसऱ्याच दिवशी सिनिअरांना फोन करावा, कारण त्यांच्या ईमेलखालच्या सहीत नंबर असतोच. ‘सर, तुम्ही जरा जोर लावा ना,’ एवढे म्हणावे आणि पलीकडचा दीर्घ श्वास होकार म्हणून मोजावा.

शेवटी नकार आला, किंवा क्वचित नोकरी लागली, तरी त्यांना कळवण्याची तसदी घेऊ नये. दोन वर्षांनी पुन्हा नोकरी बदलायची झाली की लिंक्डइनवर पाचवा संदेश धाडावा: ‘हाय सर, ओळखलंत का?’