‘सोनापूर’ कथेवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

«कथा वाचली, पण दत्ताराम पटला नाही. मी स्वतः दुबईत नोकरी करतो. इथे कंपनीला विमा काढावाच लागतो, पगारी आजारी रजा कायद्यात आहे. खिशात कार्ड असताना तीन आठवडे पायाची जखम घेऊन हिंडणारा माणूस बिचारा नाही, बेफिकीर आहे. आणि तळपायात खिळा घुसलेला कळत नाही, हे तर अतीच झालं. शेवटी बोट कापलंत ते वाचकाला रडवण्यासाठी.»

नमस्कार. इतकं मनापासून वाचून लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. दुबईतल्या एका बांधकाम कंपनीच्या टाइम ऑफिसात मी काही वर्षं हजेरी आणि ओव्हरटाइमचे तक्ते भरले आहेत. कथेतला मधुमेही बांधकाम कामगार दत्ताराम कोणा एकावरून घेतलेला नाही, पण त्याचा हिशेब मला पाठ आहे.

खिळ्यापासून सुरुवात करतो, कारण सगळी कथा त्यावर उभी आहे. रक्तातली साखर बरीच वर्षं चढलेली राहिली की पायाच्या टोकाच्या नसा आधी मरतात. सुरुवातीला मुंग्या येतात, रात्री तळवे जळजळतात, आणि मग एक दिवस जळजळ थांबते. माणसाला वाटतं, बरं झालं. प्रत्यक्षात तिथली जाणीवच गेलेली असते. डॉक्टर हे तपासायला नायलॉनचा एक तंतू वापरतात, जो दहा ग्रॅम दाबाला वाकतो. डोळे मिटायला सांगून तो तळव्याला टेकवतात. ज्याला तो कळत नाही, त्याला बुटातला खडाही कळत नाही आणि शटरिंगच्या फळीतला खिळाही कळत नाही. अशा माणसाला जखमेचा पत्ता बहुतेक वेळा मोज्यावरच्या रक्तावरून लागतो. कथेत दत्ताराम संध्याकाळी कॅम्पवर बूट काढतो आणि मोजा चिकटलेला दिसतो, ते म्हणूनच लिहिलं.

आता तुमचा खरा मुद्दा. दुबईचा आरोग्य विम्याचा कायदा 2013 चा आहे. विम्याचा हप्ता कंपनीनेच भरायचा असतो, तो कामगाराच्या पगारातून कापता येत नाही. हे तुम्ही म्हणता ते बरोबर आहे आणि कथेतही ते तसंच आहे. दत्तारामकडे कार्ड आहे. पण कमी पगाराच्या कामगारांसाठी जी मूळ पॉलिसी असते, तिच्यात बाहेरच्या तपासणीचा वीस टक्के आणि औषधांचा तीस टक्के खर्च कामगाराच्या खिशातून जातो. पॉलिसीच्या यादीतल्याच क्लिनिकमध्ये जावं लागतं, आधी साध्या डॉक्टरकडे, मग त्याची चिठ्ठी घेऊन तज्ज्ञाकडे. तुम्ही ऑफिसातून लंच टाइममध्ये जाऊन येत असाल. दुबईतल्या सोनापूरच्या कामगार कॅम्पवरून पहाटे साडेचारची बस पकडणाऱ्याला क्लिनिक म्हणजे अख्खा दिवस.

त्या दिवसाचा हिशेब मांडतो. दत्तारामचं बेसिक 900 दिरहम, वर जेवणाचे 300. रोज दोन तास ओटी, म्हणजे ओव्हरटाइम. कायद्याप्रमाणे ओटीला बेसिकच्या तासाच्या दरावर पंचवीस टक्के जास्त मिळतात. 900 ला तीस दिवसांनी आणि मग आठ तासांनी भागा, तासाचे पावणेचार दिरहम येतात, ओटीचे साधारण 4.70. महिन्यात सव्वीस दिवस धरले तर ओटीचे 244 दिरहम होतात. घरी पाठवायची रक्कम याच ओटीवर ठरलेली असते, कारण बेसिकमधून एजंटसाठी काढलेल्या पतसंस्थेच्या कर्जाचा हप्ता जातो. आजारी रजेवर पगार मिळाला तरी ओटी मिळत नाही. तुम्ही म्हणाल, एका दिवसाचे साडेनऊ दिरहमच ना? हो. त्यात डॉक्टरचा आणि औषधाचा वाटा आणि जाण्या-येण्याचं भाडं धरलं तरी रक्कम परवडण्यासारखीच निघते. एका दिवसाच्या खर्चाने तो थांबला असता, तर तो बेफिकीर आहे हे मी मान्य केलं असतं.

पण पहिल्या भेटीत काय सुरू होईल, याची त्याला भीती आहे. डॉक्टर बोटातून रक्त घेणार आणि साखर दिसणार. गल्फला जाण्याआधी मुंबईत जी वैद्यकीय तपासणी होते, तिथे साखर ताब्यात नसेल तर अनफिटचा शिक्का बसू शकतो. म्हणून त्याने महिनाभर भात सोडला, गोळ्या घेतल्या, तपासणी पार केली आणि कोणालाही काही सांगितलं नाही. येताना घरून आणलेल्या गोळ्या सहा महिन्यांत संपल्या. आता कार्डावर जुना आजार लपवल्याचं निघालं तर विमा रद्द होईल, आणि दोन वर्षांनी व्हिसाच्या वेळी कंपनी नाव पुढे करणार नाही, असं त्याला वाटतं. खरं म्हणजे जुन्या आजारासाठी पहिल्यांदा विमा काढणाऱ्याला सहा महिने थांबावं लागतं, आणि दत्तारामचं दुसरं वर्ष चालू आहे. त्याने नुसतं विचारलं असतं, तरी त्या सहा महिन्यांचं ओझं उतरलं असतं. पण पॉलिसीचा कागद इंग्रजी आणि अरबीत होता आणि तो कंपनीची सरकारी कागदपत्रं बघणाऱ्या पीआरओच्या कपाटात होता. कॅम्पवर जे कळतं ते रफिकभाईंसारख्या खोलीतल्या जुन्या माणसाकडून, आणि रफिकभाईंची माहिती त्यांच्या भाच्याला झालेल्या त्रासावरून आलेली. तुम्ही आणि मी कायदा वाचू शकतो. त्याने कायदा फक्त ऐकलेला आहे.

आणि रजेचं म्हणाल, तर प्रोबेशन संपल्यावर वर्षाला नव्वद दिवस आजारी रजा मिळते. पहिले पंधरा पूर्ण पगारी, पुढचे तीस अर्ध्या पगाराचे, उरलेले बिनपगारी. नव्वद संपले आणि माणूस कामावर येण्यासारखा नसेल, तर कंपनी त्याला काढू शकते. आता तळव्याच्या जखमेकडे बघा. ती भरायला त्या पायावरचा भार पूर्ण उतरवावा लागतो. सगळं नीट जमलं तर दीड-दोन महिने, साखर चढलेली असेल तर त्याहून जास्त. पूर्ण आणि अर्धा पगार मिळून पंचेचाळीस दिवस होतात. म्हणजे जखम भरत येते आणि पगार संपतो, हे जवळजवळ एकाच आठवड्यात. कागदावरची रजा फ्लूला पुरते, मोडलेल्या हाडालाही कदाचित पुरेल. मधुमेहाच्या पायाला ती बेताने पुरते, आणि दत्तारामला हे आकडे माहीत नसले तरी टाइम ऑफिसच्या खिडकीतून परत गेलेली माणसं त्याने पाहिलेली आहेत.

माझ्या मते कथेची खरी गाठ मात्र पहिल्या संध्याकाळी आहे, आणि त्यावर तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, म्हणून सांगतो. खिळा साइटवर लागला. कामावर झालेल्या इजेला आजारी रजेचा नियम लागत नाही. उपचाराचा खर्च मालकाचा, आणि उपचार चालू असेपर्यंत पूर्ण पगार, जास्तीत जास्त सहा महिने. त्यानंतरही गरज असली तर आणखी सहा महिने अर्धा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने फोरमनला पाय दाखवला असता, सेफ्टी ऑफिसरच्या रजिस्टरमध्ये नोंद झाली असती आणि साइटवरच्या फर्स्ट एड नर्सने तळवा उघडा करून पाहिला असता, तर तो या दुसऱ्या रस्त्यावर असता. तीन आठवड्यांनी ताप आणि वास घेऊन गेलेल्या माणसाची केस ‘साखरेचा पाय’ अशीच लिहिली जाते. खिळ्याचा साक्षीदार कोणी उरत नाही. हातातून निसटतं ते हे.

मग त्याने का नाही दाखवला? साइटच्या गेटवर मोठा फलक असतो. शेवटच्या अपघातानंतर किती लाख मनुष्यतास सुरक्षित गेले, हा आकडा रोज त्यावर वाढतो. ठरावीक आकडा गाठला की सगळ्या गँगला बिर्याणी, फोरमनला कौतुकाचं पत्र. माणूस एक दिवस जरी रजेवर गेला तरी आकडा शून्यावर येतो. माझ्या कामाच्या काळात एका फोरमनने जखमी माणसाला साइटवर बोलावून सावलीत बसवून ठेवलं होतं, म्हणजे हजेरी लागेल आणि आकडा टिकेल. त्याची हजेरी तक्त्यात दिसत होती. दत्तारामला कोणी धमकावलं नाही. दुखत नाही अशा गोष्टीसाठी पंचावन्न माणसांची बिर्याणी कशाला घालवायची, एवढंच त्याला वाटलं. दुखलं असतं तर पायानेच निर्णय घेतला असता. दुखत नव्हतं, म्हणून निर्णय पूर्णपणे पैशावर आणि लाजेवर राहिला.

त्यानंतरचे तीन आठवडे मी मुद्दाम संथ लिहिले. हळद, मग गावाहून आणलेल्या प्रतिजैविकाच्या उरलेल्या पाच गोळ्या. त्यांनी वरची लाली उतरते, आतला पू तसाच राहतो आणि माणसाला वाटतं, जमलं. जूनचा महिना, दुपारी साडेबारा ते तीन उन्हातलं काम बंद, पण त्या वेळातही सेफ्टी शूज काढता येत नाहीत, मोजा भिजलेलाच. बोट फुगून तांबडं होतं, बूट एक नंबर मोठा घेतला जातो. मग वास येतो, आणि तो आधी रफिकभाईंना येतो. त्या रात्री थंडी वाजून ताप आला, तेव्हाच अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली गेली.

बोट मी वाचकाला रडवण्यासाठी कापलं नाही. सर्जनने जखमेत बोथट सळई घातली आणि ती हाडाला लागली, याचा अर्थ जंतुसंसर्ग बहुधा हाडात उतरला होता. त्या टप्प्यावर एका बोटावर निभावणं हे वाईटातलं चांगलं आहे. पुष्कळांचा पाय घोट्याच्या वर जातो. दत्तारामला मी त्यापेक्षा जास्त शिक्षा दिली नाही.

तुम्ही तिथेच आहात म्हणून एक विनंती. तुमच्या कंपनीचे कामगार असतील, तर त्यांच्या पॉलिसीतलं फक्त एक पान, कुठल्या क्लिनिकला जायचं आणि खिशातून किती जाईल, हे हिंदीत लिहून कॅम्पच्या मेसच्या भिंतीवर लावून घ्या. त्याखाली एक ओळ: साइटवर काहीही टोचलं, कापलं, तर त्याच पाळीत रजिस्टरमध्ये नोंद करा, दुखत नसलं तरी. लावून घेता आलं तर इथेच कळवा.