‘साध्या गोष्टीचा जिना’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

प्रतिक्रिया: मॅडम, दोन कुरिअरचा वेग पायऱ्यापायऱ्यांच्या आलेखावर ताडून पाहणारा तुमचा लेख वाचला. साध्या गोष्टीचा उगाच जिना केलाय. दोन्ही कुरिअरची सरासरी ४ दिवसच येते, मी स्वतः काढून पाहिली. म्हणजे दोघे सारखेच, विषय संपला! शिवाय २० पार्सलांवरून काही सिद्ध होत नाही. दिवस कधीपासून मोजले तेही आलेखावर लिहिलेलं नाही. संख्याशास्त्राचं प्रदर्शन करण्यापेक्षा गिऱ्हाइकाला विचारा.

उत्तर:

साहेब, नमस्कार.

विषय संपवायचा असेल तर तो मुद्द्याने संपवावा. नुसतं उद्गारचिन्ह टाकून तो संपत नाही. आणि ‘प्रदर्शन’ हा शब्द मला लागला, हे लपवत नाही. ज्युनियर कॉलेजात बरीच वर्षं संख्याशास्त्र शिकवल्यावर मी नोकरी सोडली आणि जावेबरोबर फराळाचा व्यवसाय सुरू केला. दिवाळीआधी चकल्यांचे डबे बांधून कुरिअरच्या खिडकीशी मी स्वतः उभी राहते आणि ‘अजून आलं नाही’ हे फोनही मीच घेते. त्यामुळे कोणाचा आलेख कशासाठी काढायचा, हे मला कोणी शिकवावं असं मला वाटत नाही.

आधी तुमचा रास्त मुद्दा. दिवस पार्सल उचलल्याच्या नोंदीपासून मोजले आहेत, हे लेखात लिहिलंय, पण आडव्या अक्षाखाली ते यायला हवं होतं. मान्य. एका कुरिअरचे दिवस बुकिंगपासून आणि दुसऱ्याचे उचलल्यापासून मोजले, तर पहिल्याची अख्खी रेषा नाहक उजवीकडे सरकते आणि तो संथ दिसतो. दोघांना एकच सुरुवात लावली होती, त्यामुळे निष्कर्षाला धक्का लागत नाही.

आता ती ४ दिवसांची सरासरी. तुम्ही ती बरोबर काढलीत. दोघांची ४ यावी असेच आकडे मी मुद्दाम बेतले होते, कारण नेमकी हीच चूक दाखवायची होती. आकडे पुन्हा देते. ‘अ’ची ८ पार्सलं दुसऱ्या दिवशी पोचली, ५ तिसऱ्या, २ चौथ्या, २ सातव्या आणि आठव्या, नवव्या, दहाव्या दिवशी प्रत्येकी एक. ‘ब’ची ५ तिसऱ्या दिवशी, ११ चौथ्या, ३ पाचव्या आणि एक सहाव्या. दोन्हींच्या दिवसांची बेरीज ८०, पार्सलं प्रत्येकी २०.

आलेखात आडवे दिवस आणि उभे टक्के. एखाद्या दिवसापर्यंत एकूण किती टक्के पार्सलं पोचली, तेवढ्या उंचीवर त्या दिवशी रेषा असते. दहावीच्या संचित वारंवारतेच्या सारणीतही हेच असतं, फक्त इथे वर्ग पाडत नाहीत, प्रत्येक पार्सल रेषेला ५ टक्के वर ढकलतं. जी रेषा वर आणि डावीकडे, ती त्या टप्प्यात वेगवान. ‘अ’ दुसऱ्या दिवशी ४० वर पोचतो, ‘ब’ तेव्हा शून्यावर असतो. तिसऱ्या दिवशी ६५ विरुद्ध २५. चौथ्या दिवशी मात्र ‘अ’ ७५ आणि ‘ब’ ८०. रेषा इथे एकमेकींना छेदतात, आणि पुढे ‘ब’ कायम वर राहतो, सहाव्या दिवशी १०० गाठतो. ‘अ’ चौथ्यापासून सातव्या दिवसापर्यंत ७५ वरच आडवा पडून राहतो.

तो आडवा तुकडा म्हणजे मधल्या दिवसांत एकही पार्सल पोचलं नाही. तिथे ‘अ’ची पार्सलं दोन गटांत फुटलेली दिसतात: सरळ गेलेली आणि कुठेतरी अडकलेली. घर बंद होतं, पत्ता सापडला नाही, पार्सल भलत्याच शहराच्या गोदामात उतरलं, यांपैकी काय घडलं ते आलेख सांगत नाही. पण चौकशी कुठल्या ५ पार्सलांची करायची, ते सांगतो. तुमच्या सरासरीत हे कुठे दिसलं? ज्या ४ वर तुम्ही दोघांना एकाच रांगेत बसवलंत, त्या चौथ्या दिवशी ‘अ’ची फक्त २ पार्सलं पोचली आहेत.

आणि सरासरी आलेखातून गायब होते असंही नाही. प्रत्येक पार्सलाची ५ टक्के उंचीची आणि त्याला लागलेल्या दिवसांइतकी लांब आडवी पट्टी कल्पा. लवकर पोचलेली खाली, उशिराची वर, अशा २० पट्ट्या रचल्या की रेषा आणि डावा अक्ष यांमधली जागा भरते. तिचं क्षेत्रफळ म्हणजे सरासरी. ती दोघांची सारखी आहे, म्हणून छेदाआधी ‘अ’ने घेतलेली आघाडी आणि छेदानंतर ‘ब’ने घेतलेली आघाडी यांची क्षेत्रफळं समान येतात. टक्के गुणिले दिवस या मापात पहिली ४० अधिक ४०. दुसरी दिवसागणिक ५, २०, २५, १५, १०, ५. दोन्ही ८०. तुमचा ‘सारखेच’ एवढ्यापुरता खरा आहे. एकाची लवकरची बचत दुसऱ्याने उशीर टाळून केलेल्या बचतीइतकीच भरली, इतकाच त्याचा अर्थ.

गिऱ्हाइकाला विचारायचं म्हणता? रोज विचारते. कोणीही मला सरासरी विचारलेली नाही. ‘धनत्रयोदशीपर्यंत येईल ना?’ असं विचारतात. हातात ५ दिवस असतील तर ५ वरून सरळ वर जायचं: ‘अ’ ७५, ‘ब’ ९५. हातात ३ च दिवस असतील तर ‘अ’ ६५, ‘ब’ २५, आणि तेव्हा मी डोळे मिटून ‘अ’ निवडेन. उलट मला गिऱ्हाइकाला तारीख द्यायची असेल, तर ९० टक्क्यांवरून आडवं जाऊन खाली उतरायचं: ‘अ’ ८ दिवस, ‘ब’ ५. अर्ध्या पार्सलांपुरतं बघितलं तर ‘अ’ ३ आणि ‘ब’ ४, म्हणजे नुसता मध्यक पाहणाराही फसेल. त्या पाहणाऱ्यांत तुम्ही नाही, एवढं श्रेय तुम्हाला देते.

२० पार्सलांबद्दल: बेतलेल्या आकड्यांवरून कोणी काही सिद्ध करत नसतं. खऱ्या २० नोंदी असत्या, तर ९५ टक्के खात्रीसाठी अख्ख्या रेषेभोवती वर-खाली सुमारे ३० टक्क्यांचा पट्टा धरावा लागतो. २०० नोंदींना तो १० च्या खाली येतो. हेही लेखाच्या शेवटच्या परिच्छेदात होतं. तिथवर वाचायला वेळ लागला असता, समजू शकते.

अक्षाखालची ओळ आज घालते. तुमच्याकडे स्वतःच्या कुरिअरच्या नोंदी असतील तर पाठवा, रेषा काढून देईन. फक्त हरवलेली पार्सलं आधीच गाळून पाठवू नका. सरासरी काढणारे ती हमखास गाळतात, कारण न पोचलेल्याला दिवसच नसतात. मी ती भाजकात ठेवते. २० पैकी एक हरवलं तर रेषा ९५ वर थांबेल, आणि तिला तिथेच थांबू द्यायचं.