ट्रॉल्या आमच्या, भाडं त्यांचं

दुपारी मैत्रिणीने एका जाहिरातीचा स्क्रीनशॉट पाठवला. 'टू बीएचके, मॉड्युलर किचन, भाडं २४,०००.' फोटोत तिसऱ्या ड्रॉवरवर वाघाचा स्टिकर दिसतोय. तो माझ्या लेकाने चिकटवलेला आहे! महिन्यापूर्वी सोडलेलं आमचंच घर. आम्ही २०,००० देत होतो.

आम्ही राहायला गेलो तेव्हा ओट्याखाली नुसते कडप्प्याचे उघडे कप्पे होते. झुरळांनी जीव नकोसा केला होता. मालकांना फोन केला तर म्हणाले, "करून घ्या की, घर तुमचंच आहे." ४२,००० घालून ट्रॉल्या बसवल्या. घर सोडताना अर्धे तरी द्या म्हटलं, तर, "मी कुठे सांगितलं होतं?" वर रंगाचे म्हणून डिपॉझिटमधून १८,००० कापले.

वकील असलेल्या मामेभावाला विचारलं. म्हणाला, ताई, दुरुस्ती वेगळी आणि सोय वेगळी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात भाडेकरूला आधार आहे, पण तो दुरुस्तीपुरता. मालकाने करायची दुरुस्ती त्याने केली नाही, तर किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची, वाजवी वेळ थांबायचं, मग स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करायचा. तोही वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्श्यापर्यंतच. म्हणजे २०,००० भाडं असेल तर वर्षाला जास्तीत जास्त ६०,०००. ट्रॉल्या यात बसतच नाहीत. आणि आपला करार अकरा महिन्यांचा, लिव्ह अँड लायसन्सचा. त्यात तू कायद्याने भाडेकरूसुद्धा नाहीस. करारात लिहिलेलं नसेल तर पैसे मागायला फारसा आधार नाही.

बरं, मान्य. ट्रॉल्या लावा असं त्यांनी सांगितलं नव्हतं. पण आज त्याच दाखवून चार हजार जास्त मागताना लाज वाटू नये?

खरी चूक किल्ली देताना झाली. चौकटी स्क्रूवर होत्या. सुताराने तासाभरात सोडवल्या असत्या. आपण बसवलेलं, घराला इजा न करता निघण्यासारखं असेल ते ताबा आपल्याकडे असेपर्यंत काढून न्यायचं. मालक म्हणाले, "राहू द्या, कडप्पा फुटेल, हिशोब नंतर बघू." मी भिडेखातर गप्प बसले. किल्ली दिली आणि विषय संपला.

मालकांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, लेकाच्या तापात तीन दिवस पेज पाठवली होती, तेही विसरले नाहीये. म्हणूनच जास्त लागलंय.

नव्या घरात गीझर आणि जाळ्या लावायच्यात. काल नव्या मालकांकडून करारात ओळ घालून घेतली: काय बसवणार, किती खर्च, जाताना काढून नेणार की घसारा वजा करून पैसे मिळणार. ते जरा नाराज झाले. होऊ देत.

काका, पोस्ट वाचत असाल तर निदान तो वाघाचा स्टिकर काढून मग फोटो टाका. लेक विचारतोय, आपलं किचन तिथे का आहे?